पाच हेक्झेन, नऊ नावं

अकरावी विज्ञानाच्या कार्बनी रसायनशास्त्रात गृहपाठाचा एक प्रश्न ठरलेला असतो: ‘C6H14 या रेणुसूत्राचे सर्व आयसोमर काढा व त्यांना आययूपॅक नियमांनुसार नावे द्या.’ प्रश्न दिसायला अगदी गरीब. सहा कार्बन, चौदा हायड्रोजन, दुहेरी बंध नाही, वलय नाही, ऑक्सिजनची भानगड नाही. कार्बनला चार हात, हायड्रोजनला एक, एवढ्या भांडवलावर काम भागतं. विद्यार्थी पेन्सिल घेऊन बसतो आणि अर्ध्या तासाने नऊ आकृत्या घेऊन उठतो.

बरोबर उत्तर पाच आहे.

जास्तीच्या चार आकृत्या चुकीच्या असत्या तर बरं झालं असतं, खोडता तरी आल्या असत्या. पण त्या एकेकट्या पाहिल्या तर निर्दोष असतात. प्रत्येकीत सहा कार्बन आहेत, प्रत्येक कार्बनचे चारही हात गुंतलेले आहेत, हायड्रोजन मोजले तर चौदाच भरतात. त्यांचा गुन्हा एकच: त्या वर कुठेतरी आधीच काढून झालेल्या आहेत. फक्त तेव्हा त्यांचं तोंड दुसरीकडे होतं.

आयसोमर म्हणजे तेच अणू, तितकेच अणू, पण कोण कोणाला जोडलंय ते वेगळं. हा प्रकार सुरू होतो चार कार्बनांपासून. मिथेन, इथेन, प्रोपेन हे तिघे सरळमार्गी. त्यांना दुसरं रूपच नाही. ब्युटेनपाशी पहिल्यांदा फाटा फुटतो. चार कार्बन एका रांगेत उभे केले तर ब्युटेन, आणि तिघांच्या रांगेत मधल्याला चौथा चिकटवला तर २-मिथाइलप्रोपेन, ज्याला जुनी माणसं आयसोब्युटेन म्हणतात. हा फरक कागदावरचा नाही. पहिला उकळतो शून्याच्या अगदी जवळ, उणे ०.५ अंश सेल्सियसला. दुसरा उणे १२ च्या आसपास. स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलिंडरमध्ये प्रोपेनच्या जोडीला हे ब्युटेन असतात. हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रीजच्या मागे R600a असं लिहिलेलं असतं, तो आत फिरणारा वायू म्हणजे हाच आयसोब्युटेन. तेव्हा ‘या आयसोमरांचा आयुष्यात उपयोग काय?’ असं विचारणारा विद्यार्थी बहुधा त्याच फ्रीजमधलं थंड पाणी पिऊन आलेला असतो.

हेक्झेनचे पाच भाऊही असेच खरेखुरे, वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवता येणारे द्रव आहेत. सरळ साखळीचा हेक्झेन ६९ अंशांना उकळतो, तर सगळ्यात गुटगुटीत असा २,२-डायमिथाइलब्युटेन ५० अंशांनाच. लांबट रेणू एकमेकांना अंगभर चिकटतात, गोलसर रेणूंना शेजाऱ्याशी लगट करायला जागा कमी मिळते, म्हणून ते लवकर सुटतात. बाटल्या पाच आहेत. वहीत मात्र नऊ.

आता ही वही जरा जवळून पाहू. पहिली आकृती सहा कार्बनांची आडवी रांग: हेक्झेन. कोणाची हरकत नाही. दुसऱ्या आकृतीत पाच कार्बन आडवे आणि सहावा पहिल्याच्या डोक्यावर उभा. खाली टापटीप अक्षरात नाव: १-मिथाइलपेंटेन.

“हे काय?” सर विचारतात.

“सर, ब्रँच आहे.”

“कुठे?”

“पहिल्या कार्बनवर. वर गेलीय ना.”

इथे सर वर्गात दरवर्षी करतात तेच करतात. पेन्सिल उचलतात आणि त्या वर उभ्या कार्बनपासून सुरू करून, न उचलता, साखळीच्या शेवटापर्यंत नेतात. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. पेन्सिलीला कुठेही मागे फिरावं लागलं नाही, म्हणजे फांदी नाहीच. साखळी फक्त कोपऱ्यावर वळली आहे. हा पहिल्या आकृतीतलाच हेक्झेन. एकेरी बंधाभोवती कार्बन मुक्तपणे फिरतात, त्यामुळे प्रत्यक्षातला हेक्झेन क्षणाक्षणाला वाकत, वळत, मुरडत असतो. आपण आडव्या रेघेवर त्याला जो कडक ‘सावधान’मध्ये उभा करतो, तसा तो राहत नाही. टोकाच्या कार्बनवर मिथाइल बसवता येत नाही, बसवलं की टोकच एक घर पुढे सरकतं. ‘१-मिथाइल’ असं नाव साध्या साखळीवर दिसलं की समजावं, मुलाने वळणाला फाटा समजलं आहे.

तिसरी आकृती २-मिथाइलपेंटेन, चौथी ४-मिथाइलपेंटेन. तिसऱ्यात फांदी डावीकडून दुसऱ्या कार्बनवर, चौथ्यात उजवीकडून दुसऱ्यावर. सर काही बोलत नाहीत, वही उचलून उलटी धरतात. मुलगा पाहतो, पुन्हा पाहतो आणि म्हणतो, “पण सर, मी तर सरळ धरून काढली होती.” रेणूला डावं-उजवं ठाऊक नसतं, ते वहीच्या समासाने दिलेलं असतं. म्हणून नियम आहे की आकडे अशा टोकापासून घालायचे, जिथून फांदीला लहान क्रमांक मिळेल. चारऐवजी दोन मिळत असेल तर दोनच. तिसरी आणि चौथी एकच झाली.

पाचवी ३-मिथाइलपेंटेन, फांदी बरोबर मध्यावर. ठीक. सहावी मात्र वहीतलं सगळ्यात धाडसी काम: २-इथाइलब्युटेन. चार कार्बनांची आडवी रांग, दुसऱ्याच्या खाली दोन कार्बनांचं शेपूट. नाव ऐकायला इतकं रुबाबदार आहे की पुष्कळजण यावर बरोबरची खूण करून पुढे जातात. पण नियम सांगतो, आधी सगळ्यात लांब साखळी शोधा, आणि ती आडवीच असली पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. शेपटाच्या टोकापासून निघा, वर चढा, उजवीकडे वळा: पाच कार्बन. राहिला एक, तो मधल्यावर. ही पाचवीच, ३-मिथाइलपेंटेन. साखळीच्या दुसऱ्या कार्बनवर इथाइल कधीच टिकत नाही, कारण ते टोकाच्या एका कार्बनपेक्षा लांब असतं आणि लगेच मूळ साखळीच ताब्यात घेतं. इथाइलला बसायला दोन्ही टोकांपासून निदान तिसरा कार्बन हवा, म्हणजे साखळी कमीत कमी पाचाची हवी.

उरलेल्या तिघींपैकी २,२-डायमिथाइलब्युटेन आणि ३,३-डायमिथाइलब्युटेन या उलट्या वहीने एक ठरतात, आणि २,३-डायमिथाइलब्युटेन स्वतंत्र निघते. हेक्झेन, २-मिथाइलपेंटेन, ३-मिथाइलपेंटेन, २,२ आणि २,३-डायमिथाइलब्युटेन. मोजा, पाच.

या सगळ्या उलटतपासणीत एक गोष्ट लक्षात येते आणि ती बरेचदा शिकवताना निसटते. ‘आयसोमर काढा’ आणि ‘नावे द्या’ हे विद्यार्थ्याला दोन प्रश्न वाटतात: पहिला चित्रकलेचा, दुसरा पाठांतराचा. पहिला सोडवून दमलेला मुलगा दुसरा उरकून टाकतो. प्रत्यक्षात दुसरा हा पहिल्याचा ताळा आहे. प्रत्येक आकृतीला नियमाने नाव द्यायचं. दोन आकृत्यांचं नाव सारखं आलं की एक खोडायची. आकृत्या डोळ्यांना फसवतात, एकच रेणू दहा प्रकारे काढता येतो. पण सगळे नियम पाळले तर त्याला नाव एकच येतं. मुलाने दिलेली नऊ नावं नऊच राहिली, कारण त्याने नावं रेणू पाहून दिली नव्हती, चित्र पाहून दिली होती.

मुळात एवढा कडक कारभार करायची वेळ रसायनशास्त्रज्ञांवर का आली? कारण एकोणिसाव्या शतकात ज्याला जो पदार्थ सापडे तो त्याचं बारसं करून मोकळा होई, आणि एकाच पदार्थाची आत्या प्रत्येक गावात वेगळी असे. पेंटेनपर्यंत कसंबसं निभावलं: साधा पेंटेन, आयसोपेंटेन, निओपेंटेन. हेक्झेनला आयसो झालं, निओ झालं, तरी भाऊ शिल्लकच होते, आणि पुढच्या घराण्यांत तर विचारायलाच नको. एप्रिल १८९२ मध्ये जिनिव्हात नऊ देशांचे ३४ रसायनशास्त्रज्ञ जमले. अध्यक्षस्थानी फ्रान्सचे शार्ल फ्रिडेल होते. सगळ्यात लांब साखळीवरून मूळ नाव ठरवायचं आणि फांद्यांना क्रमांक द्यायचे, ही आजच्या गृहपाठाची पायाभरणी तिथे झाली. आययूपॅक ही संस्था १९१९ मध्ये स्थापन झाली आणि हा कारभार पुढे तिच्याकडे गेला. अकरावीतल्या काहीजणांच्या मते त्या ३४ जणांना जिनिव्हात सरोवराकाठी फिरण्यासारखं दुसरं पुष्कळ काही होतं.

नियमांची यादी मोठी असली तरी हायड्रोकार्बनच्या गृहपाठात घोळ दोनच जागी होतो. पहिला घोळ बेरजेचा. ‘ज्या बाजूने मोजल्यावर क्रमांकांची बेरीज कमी, ती बाजू खरी,’ असं सूत्र क्लासमधून वर्षानुवर्षं चालत आलं आहे. सोपं आहे, पाठ होतं, लहान रेणूंना चालतंही. पण दहा कार्बनांची साखळी घ्या आणि एका टोकाकडून २, ७ आणि ८ वर मिथाइल बसवा. दुसऱ्या टोकाकडून मोजलं तर तेच तीन मिथाइल ३, ४ आणि ९ वर येतात. बेरजा अनुक्रमे १७ आणि १६. बेरीजवाले १६ घेतात, म्हणजे ३,४,९. आययूपॅकचं उत्तर मात्र २,७,८-ट्रायमिथाइलडेकेन. कारण नियम बेरजेचा नाहीच. दोन्ही ओळींतला पहिला क्रमांक बघायचा: दोन आणि तीन. दोन लहान, विषय संपला. पहिले सारखे असतील तरच दुसऱ्याकडे जायचं. त्यापुढे सात-आठ येवोत की सत्तर-ऐंशी, कोणी विचारत नाही. हिशेबात हुशार असलेली मुलं इथे हमखास मार खातात, आणि बेरीज करायचा कंटाळा असलेली सहीसलामत सुटतात.

दुसरा घोळ मानपानाचा. एका साखळीवर मिथाइल आणि इथाइल दोन्ही असतील तर आधी कोणाचं नाव घ्यायचं? मुलांना वाटतं, लहान म्हणून मिथाइल आधी. किंवा मोठं म्हणून इथाइल आधी. उत्तर इथाइल हे आहे, पण कारण मोठेपणा नाही. इंग्रजी मुळाक्षरांत ई एमच्या आधी येतं, एवढंच. ब्युटाइल असेल तर ते बी घेऊन इथाइलच्याही पुढे जाऊन बसतं. मराठी वर्णमालेने ठरवलं असतं तर स्वराचा मान इथाइलला मिळाला असता. शिवाय ‘डाय’ आणि ‘ट्राय’ ही मोजणीची अक्षरं या रांगेत धरत नाहीत, नाहीतर डायमिथाइलने ‘डी’च्या जोरावर इथाइलला मागे टाकलं असतं. क्रमांकांत मात्र वर्णमाला सहसा नाक खुपसत नाही. अगदी बरोबरी झाली तरच. सहा कार्बनांच्या साखळीवर तिसऱ्यावर इथाइल आणि चौथ्यावर मिथाइल असेल, तर उलट बाजूने मोजल्यावर मिथाइल तिसऱ्यावर आणि इथाइल चौथ्यावर येतं. दोन्हीकडून ३ आणि ४. अशा वेळी ज्याचं नाव आधी येतं त्याला लहान आकडा: ३-इथाइल-४-मिथाइलहेक्झेन.

या सगळ्याची खरी परीक्षा हेक्झेनवर नव्हे, एका कार्बनने मोठ्या असलेल्या C7H16 वर होते. इथे मन मानेल तसं काढत गेलं तर वही भरते आणि तरी एक राहतोच. त्यामुळे अनुभवी विद्यार्थी उतरत्या क्रमाने जातो. आधी सातांची साखळी: हेप्टेन, एक. मग सहांची साखळी आणि एक कार्बन हातात. तो टोकाला बसत नाही हे ठरलंच आहे. दुसऱ्यावर किंवा तिसऱ्यावर बसतो. चौथा आणि पाचवा हे उलट्या वहीतले तिसरा आणि दुसरा. म्हणजे २-मिथाइलहेक्झेन आणि ३-मिथाइलहेक्झेन, एकूण तीन. आता पाचांची साखळी आणि दोन कार्बन हातात. ते वेगवेगळे बसवले तर २,२, २,३, २,४ आणि ३,३ असे चार डायमिथाइलपेंटेन. एकूण सात. मग चारांची साखळी आणि तीन कार्बन: मधल्या दोन कार्बनांवर मिळून चारच जागा, तिघे बसले की एक रिकामी राहते, आणि ती कुठलीही ठेवली तरी उत्तर २,२,३-ट्रायमिथाइलब्युटेनच. आठ.

आठावर बहुतेक वह्या बंद होतात. कारण तीनांच्या साखळीत उरलेले चार कार्बन बसवायला जागाच नसते, आणि काम संपल्यासारखं वाटतं. नववा मात्र मागेच सुटलेला असतो, पाचांच्या साखळीपाशी. तिथे हातातले दोन कार्बन वेगळे बसवले, पण एकत्र बसवून पाहिले नाहीत. दोन मिळून एक इथाइल होतं, आणि पाचांच्या साखळीत त्याला एकमेव कायदेशीर जागा आहे: बरोबर मध्यावरची. ३-इथाइलपेंटेन. दोन-दोन कार्बनांचे तीन सारखे बाहू असलेला हा देखणा रेणू गृहपाठात सर्वांत जास्त गैरहजर असतो. हेक्झेनच्या वेळी इथाइल दिसलं की खोडायचं अशी सवय लागलेली असते. इथे ते पहिल्यांदाच खरं असतं.

या नऊ जणांत एकाचं नाव पेट्रोलशी जोडलेलं आहे. १९२६ मध्ये अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ग्रॅहम एडगर यांनी इंजिनात होणारी ठकठक मोजायला दोन टोकं ठरवली: सरळ साखळीच्या हेप्टेनला शून्य, आणि चांगलं जळणाऱ्या आयसोऑक्टेनला शंभर. हा आयसोऑक्टेन म्हणजे २,२,४-ट्रायमिथाइलपेंटेन. जुन्या पद्धतीने पाहिलं तर ‘आयसो’ म्हणजे शेवटून दुसऱ्या कार्बनवर एक मिथाइल. त्या हिशेबाने हे नाव २-मिथाइलहेप्टेनला शोभलं असतं. पण पेट्रोलपंपावर कोणी हरकत घेत नाही. आपल्याकडच्या पेट्रोलचा ऑक्टेन आकडा याच फुटपट्टीवरचा. ज्या मुलाला ‘फांद्या असलेला रेणू’ हा प्रकार त्रासदायक वाटतो, त्याची दुचाकी फांद्या असलेल्या रेणूंमुळेच ठकठक न करता चालते.

नावाच्या ताळ्यालाही मर्यादा आहे. नऊ नावं वेगळी आली म्हणजे रचना नऊ, इथवर ठीक. पण ३-मिथाइलहेक्झेनमधल्या तिसऱ्या कार्बनला चार वेगवेगळ्या गोष्टी जोडलेल्या आहेत: हायड्रोजन, मिथाइल, इथाइल आणि प्रोपाइल. असा कार्बन आला की रेणूला स्वतःपेक्षा वेगळं आरशातलं प्रतिबिंब असतं. २,३-डायमिथाइलपेंटेनचंही तेच. हे धरले तर नऊचे अकरा होतात, आणि त्यांना वेगळं ओळखायला नावाआधी आणखी एक अक्षर लावावं लागतं. गृहपाठात ‘रचनात्मक’ असा शब्द असेल तर नऊवर थांबायचं. ‘सर्व’ एवढंच लिहिलेलं असेल तर प्रश्न काढणाऱ्याला आधी विचारून घेतलेलं बरं.

नियमही एका जागी थांबलेले नाहीत. दुहेरी बंध असलेल्या रेणूत मूळ साखळी निवडताना तो बंध साखळीत आलाच पाहिजे, असं पाठ्यपुस्तकं सांगत आली. २०१३ च्या शिफारशींत आययूपॅकने लांबीला वरचढ ठरवलं. त्यामुळे जुन्या पद्धतीचा २-इथाइलपेंट-१-ईन नव्या पद्धतीत ३-मिथिलिडीनहेक्झेन होतो. परीक्षेत कोणतं लिहायचं? जे वर्गातल्या पुस्तकात आहे ते. आययूपॅक पेपर तपासायला येत नाही.

आयसोमर मोजताना दुसऱ्यांदा मोजणं किंवा एखादा विसरणं ही काही अकरावीची मक्तेदारी नव्हे. इंग्लंडचे थोर गणिती आर्थर केली यांनी रेणूंना फांद्यांची झाडं मानून, एकही आकृती बाटलीशी न ताडता, १८७५ मध्ये अल्केनच्या आयसोमरांची संख्या गणिताने काढली. अकरा कार्बनांपर्यंत सगळं चोख जुळलं. बारा आणि तेरा कार्बनांचे आकडे चुकले. खरे आकडे ३५५ आणि ८०२ आहेत. पुढे ही संख्या अशी काही फुगते की वीस कार्बनांना ३,६६,३१९ रचना होतात आणि तीस कार्बनांना चारशे अकरा कोटींच्या वर. त्या सगळ्या कोणी बनवलेल्या नाहीत, आणि बनवायला कोणी बसेल असंही दिसत नाही.

म्हणून गृहपाठ देणारे शिक्षक बहुधा सात कार्बनांशी थांबतात. एखाद्याने C8H18 दिलाच, तर त्याचे आयसोमर अठरा आहेत. वहीची दोन पानं कोरी सोडून ठेवा, आणि आकृती मोजण्याआधी तिच्याखाली नाव लिहा.